मथळ्यातले ‘म्हणे’

1970 सालच्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला फ्रान्समधल्या सँ-लोराँ-द्यु-पों या गावी एका नृत्यगृहाला आग लागली आणि 146 जण दगावले. त्यानंतर आठ दिवसांनी, 9 तारखेला, माजी राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल कोलोंबे गावातल्या आपल्या घरी वारले. ‘हारा-किरी’ या टवाळखोर साप्ताहिकाने पहिल्या पानावर एवढेच छापले: ‘बाल त्राजिक आ कोलोंबे : 1 मॉर’. म्हणजे ‘कोलोंबेत नाचाची शोकांतिका : 1 मृत’. गृहमंत्र्यांनी साप्ताहिकाच्या जाहिरातीवर आणि अल्पवयीनांना विक्रीवर बंदी घातली. साप्ताहिक बंद पडले आणि त्याच मंडळींनी पुढच्याच आठवड्यात ‘शार्ली एब्दो’ काढले.

टवाळी चांगली की वाईट हा वाद बाजूला ठेवू. ती लागली, कारण तिचा साचा अस्सल वृत्तपत्री होता. बोलताना फ्रेंच माणूस नामाआधी ‘अँ’, ‘ल’, ‘ला’ असले उपपद सहसा सोडत नाही. इथे ‘बाल’च्या आधी काहीच नाही. क्रियापदाचाही पत्ता नाही. आधी घटना, मग ठिकाण, मग अपूर्णविराम आणि त्यापुढे बळींचा आकडा. ‘त्यात’, ‘त्यामुळे’, ‘दरम्यान’ ही सगळी कामे ते दोन ठिपके करतात. ‘मुंबईत दोघांना अटक’ असे मथळे रोज वाचणाऱ्या मराठी वाचकाला ही काटकसर परकी वाटू नये.

घोटाळा होतो तो क्रियापदाचा तुकडाच तेवढा उरतो तेव्हा. नमुन्यादाखल ‘पोलिस्ये त्युए आ ल्यों’ घ्या. अर्थ, ‘ल्योंमध्ये पोलीस ठार’. यातल्या ‘त्युए’च्या शेवटच्या अक्षरावर तिरकी रेघ असते. ती पुसली तर उच्चार ‘त्यु’ होतो आणि पोलीस मरत नाही, मारतो. पूर्वी मोठ्या लिपीतल्या मथळ्यांत या रेघा सर्रास गाळत. मोठ्या अक्षरांवरही त्या हव्यातच, असे फ्रेंच अकादमी बजावते ते उगाच नाही.

पण नवख्याची खरी फसगत होते ती आणखी एका रूपापाशी. मथळा असा: ‘ल स्युस्पे ओरे फ्वी’. ‘स्युस्पे’ म्हणजे संशयित, ‘फ्वी’ म्हणजे पळालेला. वर्गात शिकवलेले असते की ‘ओरे’ आले की ‘असता’ म्हणायचे. विद्यार्थी खुशाल भाषांतर करतो: ‘संशयित पळाला असता’. म्हणजे पळाला नाही! वर्तमानपत्राला सांगायचे असते नेमके उलटे: संशयित पळून गेल्याचे समजते, आम्हाला कुणीतरी सांगितले, आम्ही खात्री केलेली नाही. तिथे ‘ओरे’ऐवजी नुसते ‘आ’ असते, तर पळाला ही पक्की बातमी झाली असती. आपण ‘म्हणे’, ‘कळते’, ‘समजते’ असा वेगळा शब्द जोडतो. फ्रेंच बातमीदार तो संशय क्रियापदाच्या रूपातच मुरवतो.

मग खरा ‘असता’ ओळखायचा कसा? आसपास अट शोधावी. ‘सी’ म्हणजे जर, ‘साँ’ म्हणजे शिवाय. ‘साँ ले पाँपिये, लिम्यब्ल ओरे ब्र्युले’ याचा अर्थ ‘अग्निशमन दल नसते तर इमारत जळाली असती’. अशी अट कुठेच दिसत नसेल, तर बहुधा ते ‘म्हणे’च.

शब्दसंग्रहाची भीती त्यामानाने कमी. ‘मातिन्यों’ म्हणजे पंतप्रधान, ‘बेर्सी’ म्हणजे अर्थखाते, ‘एलिझे’ म्हणजे राष्ट्राध्यक्ष: इमारतीच्या किंवा भागाच्या नावावरून माणूस ओळखायचा, जसे आपण ‘मातोश्री’वरून ओळखतो. जपायचे ते कोर्टकचेरीच्या शब्दांना. ‘गार्द आ व्यू’ म्हणजे चौकशीसाठीची पोलीस कोठडी, साधारणपणे 24 तासांची आणि परवानगीने वाढवता येणारी. ‘मीझ आँनेग्झामँ’ ही त्यापुढची पायरी: गंभीर किंवा परस्परांशी जुळणारे धागेदोरे दिसल्यावर तपास करणारा न्यायाधीश एखाद्याला रीतसर तपासाखाली घेतो. खटला अजून उभा राहिलेला नसतो, दोष तर दूरच. हा शब्दप्रयोग 1993 च्या कायद्याने आणला, कारण आधीचा ‘अँक्युल्पे’ हा शब्द ऐकताच लोक माणसाला गुन्हेगार ठरवून मोकळे होत. मराठीत त्याचे ‘दोषी’ किंवा ‘आरोप सिद्ध’ असे भाषांतर करणे साफ चूक.

आणि ‘ओरे’ लिहिले की संपादक सुटला, असेही नाही. वृत्तपत्रांविषयीच्या 29 जुलै 1881 च्या फ्रेंच कायद्याचे 29 वे कलम सांगते की बदनामीकारक मजकूर शंकेच्या सुरात छापला, तरी तो शिक्षेस पात्र ठरतो.