‘करणे’ एकच, ‘मेक’ आणि ‘डू’ दोन

मराठीत आपण चूक करतो, अभ्यास करतो, फोन करतो, स्वयंपाक करतो आणि प्रगतीही करतो. इंग्रजीत हेच काम ‘मेक’ आणि ‘डू’ या दोघांनी वाटून घेतले आहे. इंग्रजी बोलताना ‘करणे’च्या जागी आपण सवयीने ‘डू’ ठेवतो आणि ‘आय डिड अ मिस्टेक’ म्हणून जातो. या वाक्यात काळ बरोबर, शब्दांचा क्रम बरोबर, अर्थही पोहोचतो. तरी ते खटकते, कारण ‘मिस्टेक’ची जोडी ‘मेक’शी जमलेली आहे. अशा ठरलेल्या जोड्यांना कोलोकेशन म्हणतात. जर्मन विद्यार्थी नेमका उलटीकडे घसरतो. त्याच्या भाषेत गृहपाठाबरोबर ‘माखन’ हे ‘मेक’च्याच कुळातले क्रियापद येते, म्हणून तो ‘मेक होमवर्क’ म्हणतो. आपण ही चूक सहसा करत नाही. कोण कुठे अडखळेल हे बरेचदा मातृभाषा ठरवते.

शाळेत सांगतात, ‘मेक’ म्हणजे तयार करणे, ‘डू’ म्हणजे कृती करणे. हे कुठवर खरे आहे, हे शब्दकोड्यावरून चांगले कळते. ‘शी मेड अ क्रॉसवर्ड’ म्हटले तर तिने कोडे रचले. ‘शी डिड अ क्रॉसवर्ड’ म्हटले तर तिने ते सोडवले. नाम तेच, पण ‘मेक’मध्ये आधी नसलेली गोष्ट अस्तित्वात येते आणि ‘डू’मध्ये समोर असलेले काम पार पडते. गृहपाठ बाईंनी आधीच दिलेला असतो, आपण तो फक्त पूर्ण करतो, म्हणून ‘डू होमवर्क’. घरकाम, व्यायाम, कपडे धुणे हीसुद्धा पार पाडायचीच कामे, म्हणून तिथेही ‘डू’.

निर्णयाला हात लावता येत नाही, मग तो ‘मेक’कडे कसा? इथे तयार करण्याचा अर्थ जरा ताणून बघावा लागतो. विचार संपल्यावर एक निर्णय शिल्लक राहतो. तो मोजता येतो, बदलता येतो, दुसऱ्याला कळवता येतो. वचन, सूचना, तक्रार, प्रस्ताव यांचेही तसेच. बोलण्यातून काहीतरी नवे उभे राहते, आणि अशा बहुतेक नामांबरोबर इंग्रजीत ‘मेक’ येतो. मराठीत आपण निर्णय ‘घेतो’, त्यामुळे ‘टेक अ डिसिजन’ तोंडी येते. ते चूक नाही. ब्रिटिश आणि भारतीय इंग्रजीत ते रुळलेले आहे. अमेरिकेत मात्र ‘मेक’चाच वापर जास्त.

आता कार्यालयातल्या एका ईमेलमधली कल्पित वाक्ये घेऊ : ‘आय डिड अ मिस्टेक इन द बिल. आय विल डू द चेंजेस. प्लीज डू अ कॉल टुमॉरो.’ पहिल्या वाक्यात ‘मेड’ हवे, कारण चूक घडून बिलात उरली आहे. बदल आधी नव्हते, ते आता होणार, म्हणून ‘मेक द चेंजेस’. ‘डू अ कॉल’ऐवजी ‘मेक अ कॉल’ म्हणता येईल, पण इंग्रजी माणूस इथे नामाच्या वाटेला न जाता सरळ ‘प्लीज कॉल मी’ म्हणेल. याच पत्रात पुढे ‘वुई हॅव डन द वर्क’ आले असते, तर त्याला हात लावायची गरज नव्हती. काम हे ‘डू’चेच.

हा तर्क सगळीकडे मात्र पोहोचत नाही. नुकसानही आधी नसते आणि मग होते, तरी ‘डू डॅमेज’ म्हणतात. कुणासाठी एखादे काम केले तर ते ‘डू अ फेव्हर’. सकाळी अंथरूण नीट केले तर ‘मेक द बेड’, मग पलंग सुताराने कधीच बनवलेला असो. सौदा तर दोन्ही क्रियापदांबरोबर चालतो. या जोड्या वापराने घट्ट झाल्या आहेत आणि त्या तशाच पाठ कराव्या लागतात. हॅरल्ड पामर यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवण्याच्या कामातून १९३३ साली टोकियोत अशा शब्दजोड्यांचा मोठा अहवाल काढला, तो याच अडचणीपोटी : सुटे शब्द येतात, पण ते कुणाबरोबर ठेवायचे हे कळत नाही.

शोधायची दिशाही महत्त्वाची आहे. शब्दकोशात ‘मेक’ उघडले तर अर्थांची लांबलचक यादी हाती येते आणि माणूस गोंधळतो. त्याऐवजी ‘मिस्टेक’ उघडावे. लिहिताना मनात नाम आधीच असते, अडते ते क्रियापदाशी. २००२ साली निघालेल्या ऑक्सफर्डच्या कोलोकेशन कोशात नामाखालीच त्याची क्रियापदे दिलेली असतात. वहीत शब्द टिपतानाही नुसते ‘प्रोग्रेस : प्रगती’ असे लिहू नये, ‘मेक प्रोग्रेस’ अशी अख्खी जोडी लिहावी.