लावणीतल्या चिखल्या

आषाढात कोकणात भाताची लावणी सुरू झाली की बायामाणसं दिवसाचे सात-आठ तास घोटाभर चिखलात उभी असतात. आठवड्याभरात करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली कातडी पांढरी, लिबलिबीत होते, मग खाज सुटते आणि भेगा पडतात. चिखल्यांची सुरुवात बहुधा इथूनच होते, कारण ही बेचकी सगळ्यांत अरुंद असते आणि तिथे वारा पोहोचत नाही. भिजून फुगलेल्या कातडीत आधी बुरशी शिरते, मागोमाग जिवाणू.

गमबूट गाळात रुतून बसतात, म्हणून लावणीत ते फारसे चालत नाहीत. तुंबलेल्या गल्लीत काम करणाऱ्या सफाई कामगारांना मात्र ते हवेतच. आत पाणी गेलं तर लगेच ओतून मोजे बदलायचे. शेतात उतरण्याआधी बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन चोपडलं तर पाणी कमी मुरतं. घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन प्रत्येक बेचकी सुती फडक्याने टिपावी. रात्रभर पाय कोरडे राहणं हाच खरा उपचार.

खाज टिकली तर क्लोट्रिमाझोलचं मलम दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे लावावं. खाज थांबताच ते सोडलं की बुरशी परतते. स्टेरॉइड मिसळलेली मलमं टाळावीत. खाज दबते, बुरशी पसरते.

भेगांतून लेप्टोचे जंतूही शिरतात. ताप आला, पोटऱ्या ठणकल्या किंवा पाय लाल होऊन सुजला, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं आणि चिखलात काम केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगावं. मधुमेह असणाऱ्यांनी पहिल्या भेगेलाच जावं.