मावशी गावाला निघताना

अठरा-वीस वर्षं धुणंभांडी आणि पोळ्या करणारी मावशी कायमची गावाला निघाली, की साडी, खण-नारळ, पाकीट दिलं जातं. सोबत चार ओळी लिहून द्याव्यात, असंही पुष्कळांना वाटतं. अशा वेळी आधी लक्षात घ्यावं की पत्र बहुधा ती स्वतः वाचणार नाही. बार्शीकडच्या एखाद्या गावात ओसरीवर बसून नातू ते मोठ्याने वाचेल. सून ऐकेल, शेजारीणही ऐकेल.

म्हणून वाक्यं बोलण्यातली, छोटी हवीत. नवऱ्याचं व्यसन, घेतलेली उचल, मुलीच्या सासरचा त्रास यातलं काहीही पत्रात येऊ नये, रकमेचा आकडाही नको. पाकिटावर तिचं पूर्ण नाव लिहावं. इतकी वर्षं सोसायटीत ती नुसती ‘चार नंबरची बाई’ होती. ‘तुम्ही आमच्या घरच्याच’ हे वाक्य तर टाळावंच. तिचा चहाचा कप वेगळा होता, हे तिला माहीत असतं. त्यापेक्षा तिने केलेलं सांगावं. उदाहरणार्थ:

‘मावशी, चिनू झाला तेव्हा त्याला अंगाला लावून न्हाऊ घालायचं मला तुम्ही शिकवलंत. बाबांचं ऑपरेशन झालं, तेव्हा रोज मऊ भात करून, त्यांना भरवून मगच तुम्ही पुढच्या कामाला जात होतात. घराची किल्ली तुमच्याकडे होती म्हणून मी निर्धास्तपणे नोकरी करू शकले. माझ्या पगारात तुमच्या कष्टाचा वाटा आहे. आता गुडघ्याला जपा. पुण्याला आलात तर उतरायला इथेच या.’

शेवटचं वाक्य मनात असेल तरच लिहावं. ती खरंच येईल.

पत्रातलं ‘वाटा आहे’ हे खरं ठरायचं, तर हिशेबही करायला हवा. ग्रॅच्युइटीचा कायदा घरकामाला लागू होत नाही, पण त्याची रीत आपण वापरू शकतो: शेवटच्या पगाराला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं आणि जितकी वर्षं काम केलं तितक्यांनी पुन्हा गुणायचं. पगार 5,000 आणि वर्षं 18 असतील, तर सुमारे 52 हजार होतात. एकरकमी जमत नसेल तर दोन-तीन हप्ते करावेत, पण तारखा तिला आधी सांगाव्यात. महिन्याच्या मध्ये ती जात असली तरी पगार पूर्ण द्यावा, आणि जुनी उचल यातून कापू नये.

रोख रक्कम प्रवासात जवळ ठेवणं जोखमीचं असतं आणि गावी पोचताच तिला वाटेकरी भेटतात. खातं तिच्या एकटीच्या नावावर आहे ना, पासबुक आणि एटीएम कार्ड कोणाकडे असतं, हे तिला बाजूला घेऊन विचारा. पत्र हातात देण्याआधी पैसे त्या खात्यात जमा झालेले असू द्या.