जुन्या सॉफ्टवेअर कंपनीकडे डेटा मागताना

दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं की बहुतेक दुकानदार जुन्या कंपनीला फोन करतात आणि म्हणतात, ‘आमचा डेटा द्या.’ पलीकडून ‘देतो साहेब’ असं उत्तरही येतं. दोन दिवसांनी मेलवर मालाच्या यादीची एक एक्सेल फाइल आणि विक्रीच्या रिपोर्टची पीडीएफ येऊन पडते. कंपनीच्या मते काम झालेलं असतं. नव्या सॉफ्टवेअरचा माणूस मात्र ती फाइल पाहून विचारतो, ‘बॅच कुठे आहेत? कोणत्या बिलाची उधारी बाकी आहे?’ तोवर करार संपलेला असतो आणि लॉगिन बंद झालेलं असतं. म्हणून हे काम फोनवर सोडू नये, पत्रानेच करावं. पत्रात काय काय असावं ते मेडिकल स्टोअरच्या उदाहरणाने पाहू, कारण तिथला डेटा सगळ्यात किचकट असतो.

समजा, करार ३१ मार्चला संपतो. पत्र फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत गेलेलं बरं. डेटा दोनदा मागायचा असतो, हे त्याचं कारण. पहिली प्रत तपासणीसाठी आणि दुसरी ३१ मार्चच्या रात्री शेवटचं बिल झाल्यानंतरची. तपासणीत निघालेल्या चुका दुरुस्त करून घ्यायला मध्ये महिनाभर तरी हवा. देखभालीचे पैसे थकले असतील तर आधी चुकते करावेत आणि पावतीचा क्रमांक पत्रातच घालावा, म्हणजे अडवणुकीला निमित्त उरत नाही.

पत्राचा गाभा साधारण असा असावा:

‘आपल्यासोबतचा आमचा करार ३१ मार्च रोजी संपत असून तो पुढे वाढवायचा नाही. सॉफ्टवेअर आपलं आहे, त्यावर आमचा काही दावा नाही. त्यात आम्ही भरलेल्या सर्व नोंदी मात्र आम्हाला पूर्ण स्वरूपात हव्या आहेत. पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक खरेदी, विक्री, परतावा आणि रद्द केलेलं बिल त्यातल्या प्रत्येक ओळीसह द्यावं. प्रत्येक औषधाचा शिल्लक साठा बॅच क्रमांक, मुदत आणि एमआरपीनुसार द्यावा. ग्राहक व पुरवठादारांची येणी-देणी बिलनिहाय द्यावीत, फक्त एकूण बाकी नको. स्कॅन करून जोडलेली प्रिस्क्रिप्शन व बिलं मूळ फाइलच्या रूपात द्यावीत. प्रत्येक तक्त्याची स्वतंत्र सीएसव्ही फाइल यूटीएफ-८ मध्ये असावी. सोबत प्रत्येक रकान्याचा व सांकेतिक आकड्याचा अर्थ आणि प्रत्येक तक्त्यातील ओळींची संख्या लेखी कळवावी. डेटाबेसचा पूर्ण बॅकअपही द्यावा. तो कोणत्या डेटाबेसचा, कोणत्या आवृत्तीचा आहे आणि त्याला पासवर्ड असल्यास कोणता, हे कळवावं. तपासणीची प्रत २८ फेब्रुवारीपर्यंत आणि अंतिम प्रत १ एप्रिलपर्यंत मिळावी. आम्ही लेखी पोच देईपर्यंत आपल्याकडचा डेटा काढून टाकू नये.’

वर ग्राहक क्रमांक, जीएसटी क्रमांक आणि कराराची तारीख घालायची. पत्र मेलने पाठवायचं आणि स्पीड पोस्टानेही. रागाचं एकही वाक्य नको. भांडणाच्या पत्राचं उत्तर सपोर्टचा माणूस देत नाही, ते वरच्या साहेबाच्या टेबलावर पडून राहतं.

‘प्रत्येक ओळीसह’ हा आग्रह विनाकारण नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कंपनीने फक्त मालाची यादी आजच्या दरासह दिली आणि जुन्या बिलांच्या ओळींमधला त्या वेळचा दर दिला नाही, तर ऑगस्टमधलं बिलही नव्या सॉफ्टवेअरमध्ये ५ टक्क्यांचं दिसेल. जुन्या नोंदींची गरज लवकर संपतही नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात. २०२३-२४ चे हिशेब त्यामुळे २०३० च्या डिसेंबरअखेरपर्यंत लागतील. शेड्यूल एच-१ मधल्या औषधांची नोंद, म्हणजे डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग, ३ वर्षं सांभाळावी लागते.

बॅकअपच्या बाबतीत कंपनी कधीकधी नकार देते. तक्त्यांची रचना आमची आहे, असं तिचं म्हणणं असतं आणि ते अगदीच गैर नाही. अशा वेळी सीएसव्ही पूर्ण मिळत असतील तर बॅकअपवरून ताणू नये. मिळालाच तर त्याची आवृत्ती विचारायची, कारण एसक्यूएल सर्व्हरच्या नव्या आवृत्तीत घेतलेली .bak फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही.

फाइली आल्या की त्या एक्सेलमध्ये दोन क्लिक करून उघडायचा मोह होतो. नेमका तिथेच घोटाळा होतो. 8901234567890 हा बारकोड एक्सेल 8.90123E+12 असा दाखवतं. ती फाइल तशीच पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली तर मागचे आकडे कायमचे जातात. बॅच क्रमांक 24E6 असेल तर एक्सेल त्याला २ कोटी ४० लाख समजतं आणि 0457 चा 457 करतं. मूळ फाइल वेगळी ठेवून प्रतीवर काम करायचं, आणि ती उघडताना हे रकाने ‘मजकूर’ म्हणून आयात करायचे. मराठी नावांकडेही पाहायचं. नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असतील तर ती अक्षरं फाइल बनवतानाच गेली आहेत आणि फाइल पुन्हाच मागवावी लागेल. भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसत असतील तर बहुधा फाइल उघडण्याची पद्धत चुकली आहे, किंवा नावं युनिकोडच्या आधीच्या एखाद्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. ती अजून वाचवता येतात.

खरी तपासणी बेरजेची. समजा, जानेवारीच्या बिलांची करपात्र रक्कम फाइलमध्ये ६,८४,२१० रुपये भरते आणि आपण भरलेल्या जीएसटीआर-१ मध्ये ती ६,७१,९३० आहे. १२,२८० रुपयांचा फरक कुठून आला? ‘स्टेटस’ नावाच्या रकान्यात १, २ आणि ३ असे आकडे दिसतात. कंपनीने दिलेला अर्थ पाहिला की कळतं, १ म्हणजे रोख, २ म्हणजे उधार, ३ म्हणजे रद्द. ३ वाल्या बिलांची बेरीज ९,४०० निघते आणि ती वजा केल्यावर २,८८० रुपये उरतात. ते ग्राहकांनी परत केलेल्या औषधांचे, त्यांचा तक्ता वेगळा आहे. अशी रुपयावर जुळणी झाली की त्या महिन्याच्या विक्रीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. जुळली नाही तर कंपनीला ‘डेटा चुकीचा आहे’ असं मोघम न कळवता महिना, रक्कम आणि दोन-चार बिलांचे क्रमांक कळवावेत. साठ्यासाठी रॅकवरची पंधरा-वीस औषधं उचलून त्यांच्या बॅच आणि नग फाइलशी ताडून पाहावेत. उधारीसाठी नेहमीच्या चार ग्राहकांची बाकी बिलनिहाय बघावी.

१ एप्रिलच्या प्रतीवर हीच तपासणी पुन्हा करायची, ओळींची संख्या कंपनीच्या पत्राशी जुळवायची आणि मूळ फाइली दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायच्या. त्यातली एक प्रत दुकानाबाहेर असावी. त्यानंतरच कंपनीला पोच द्यायची. त्याच पत्रात, आता तुमच्याकडची प्रत काढून टाका आणि तसं लेखी कळवा, असं मागायचं, कारण त्यात आपल्या रुग्णांची नावं आणि त्यांची औषधं आहेत.