सेव्ह वाढले ते कव्हरमुळे की चकलीमुळे?

थालीपीठाची कृती आठ स्लाइडमध्ये मांडलेली आहे. पहिल्या स्लाइडवर लोण्याचा गोळा ठेवलेलं खमंग थालीपीठ आणि खाली एकच शब्द, ‘थालीपीठ’. पुढच्या पाककृतीपासून हे कव्हर बदललं. आता थापताना फाटलेल्या पिठाचा फोटो आणि त्यावर ओळ, ‘फाटतंय? पाणी इथे चुकतं’. या नव्या धाटणीच्या पोस्ट लोकांनी जास्त सेव्ह केल्या. मग कव्हर जमलं असं म्हणायचं का?

इन्स्टाग्रामवर पाककृतींचं पान चालवणारी एखादी सुगरण समजा हा प्रश्न घेऊन बसली आहे. पुढचे आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेले आहेत, पण तिच्यासमोरची अडचण खरी आहे. यूट्यूबवर एकाच व्हिडिओला तीनपर्यंत कव्हरं लावता येतात आणि यूट्यूब ती वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवून कोणतं सरस ते सांगतं. इन्स्टाग्रामच्या साध्या कॅरोसेल पोस्टला अशी वाटणी करता येत नाही. जाहिरात म्हणून पैसे भरले तर मेटाच्या जाहिरात-साधनात प्रेक्षकांचे दोन वेगळे गट पाडता येतात, मात्र जाहिरात पाहणारे लोक म्हणजे पानाचे रोजचे फॉलोअर नव्हेत. म्हणून एकमेकींसारख्या पोस्टच्या जोड्या लावणं एवढाच मार्ग उरतो.

थालीपीठाची जोडी धिरड्याशी, कोथिंबीर वडीची अळूवडीशी, पिठल्याची झुणक्याशी. जोडीतल्या दोन्ही पोस्ट एकाच आठवड्यात, एकाच वेळी, तितक्याच स्लाइडच्या. नवं कव्हर कोणाला द्यायचं ते नाणं उडवून ठरवायचं. हे नाणं फार महत्त्वाचं आहे. ते नसेल तर आवडत्या, भरवशाच्या पदार्थालाच नवं कव्हर देण्याकडे हात आपोआप वळतो आणि पदार्थाचं यश कव्हरच्या नावावर जमा होतं. शिवाय जोड्या किती करायच्या तेही आधीच ठरवून वहीत लिहून ठेवायचं. या सुगरणीने दहा लिहिल्या.

मोजायचं काय? सेव्हचा आकडा इनसाइट्समध्ये थेट दिसतो. त्याला रीचने, म्हणजे पोस्ट पोहोचलेल्या खात्यांच्या संख्येने भागायचं. व्ह्यूजने भागू नये, कारण एकाच माणसाने तीनदा पाहिलं तर तिथे तीन मोजले जातात. आकडा प्रत्येक पोस्टचा सातव्या दिवशीच टिपायचा. एकीचा चौथ्या दिवशी आणि दुसरीचा महिन्याने टिपला तर तुलनाच उरत नाही.

स्वाइपचं गणित जास्त अवघड आहे. स्लाइडनिहाय आकडे हाताशी नसतील तर आडवाटेने मोजावं लागतं. आपल्या सुगरणीने दोन्ही धाटणीच्या पोस्टमध्ये शेवटच्या स्लाइडवर, आणि फक्त तिथेच, एक ओळ टाकली: ‘भाजणीचं प्रमाण हवं असेल तर कमेंटमध्ये भाजणी लिहा’. पदार्थ बदलला की शब्द बदलायचा, पण कॅप्शनमध्ये त्याचा उल्लेख करायचा नाही. शेवटपर्यंत पोहोचणारे सगळेच काही कमेंट करत नाहीत, आणि काहीजण दुसऱ्याची कमेंट पाहूनही तोच शब्द लिहितात. त्यामुळे किती टक्के लोक शेवटपर्यंत गेले ते यातून कळत नाही. जोडीतल्या दोघींपैकी कुठे जास्त गेले याचा अंदाज मात्र बांधता येतो.

सहा जोड्या झाल्या. दर शंभर खात्यांमागे सेव्ह किती ते पाहू. थालीपीठ-धिरड्याच्या जोडीत जुनं कव्हर २.१, नवं २.९. पुढे १.८ आणि २.४. पिठलं-झुणक्यात जुनंच किंचित वरचढ ठरलं, २.६ विरुद्ध २.५. मग १.५ आणि २.२, नंतर २.० आणि २.३. शेवटी चकली आणि कडबोळी. जुनं कव्हर असलेली कडबोळी १.९ वर आणि नवं कव्हर असलेली चकली थेट ५.८ वर.

सरासरी काढली तर जुनं कव्हर साधारण २ आणि नवं ३. दीडपट! इथेच हात आखडून वही उघडायला हवी. चकली दिवाळीच्या आठ दिवस आधी गेली होती आणि कडबोळी फोटो न जमल्यामुळे लांबून दिवाळीनंतर गेली. घरोघर भाजणी दळून येत असते तेव्हा चकलीची कृती लोक कोणत्याही कव्हरखाली सेव्ह करतात. एकाच आठवड्याची अट मोडली म्हणजे जोडीच मोडली. ती बाजूला ठेवल्यावर उरलेल्या पाचांची सरासरी २.० विरुद्ध सुमारे २.५ होते. चकली पडली असती तरीही ही जोडी वगळायलाच हवी होती, हे स्वतःला बजावणं सगळ्यात जड जातं.

पाचपैकी चार जोड्यांत नवं कव्हर सरस ठरलं. हे पुरेसं आहे का? कव्हरने काहीच फरक पडत नाही असं धरा. मग प्रत्येक जोडीचा निकाल छापा-काट्यासारखाच. पाच वेळा नाणं उडवलं तर चार किंवा पाच छापे पडण्याची शक्यता ३२ मध्ये ६, म्हणजे शंभरात जवळजवळ १९. निव्वळ योगायोगाने हे सहज घडू शकतं. इथे थांबून विजय जाहीर करायचा मोह होतो आणि पुष्कळजण नेमके इथेच थांबतात.

ठरल्याप्रमाणे दहा जोड्या पूर्ण झाल्या. वगळलेली सोडून उरल्या नऊ आणि त्यातल्या आठांत नवं कव्हर पुढे. नऊ नाण्यांत आठ किंवा जास्त छापे पडायची शक्यता ५१२ मध्ये १०, म्हणजे शंभरात दोन. आता सेव्ह वाढले असं धीराने म्हणता येतं.

शेवटच्या स्लाइडवरच्या शब्दाचा हिशोब मात्र वेगळाच निघाला. नऊपैकी पाचच जोड्यांत नव्या कव्हरवर तो शब्द जास्त आला. म्हणजे नाणंच. यात विसंगती नाही. ‘फाटतंय?’ वाचून ज्याला आपला अनुभव आठवतो तो एकही स्लाइड न सरकवता पोस्ट सेव्ह करून ठेवू शकतो, रविवारी करून बघू म्हणून. सेव्ह हा वाचल्याचा पुरावा नव्हे. याउलट कव्हरने मोठं रहस्य असल्याचा आव आणला आणि आत नेहमीचीच कृती निघाली, तर स्वाइप वाढतात आणि सेव्ह घसरतात. म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळे ठेवावेत, त्यांची बेरीज करून एकच गुण काढू नये.

आणखी एक खाच आहे. चांगलं कव्हर पोस्टला फॉलोअरांच्या पलीकडे नेतं. अनोळखी लोक सहसा कमी सेव्ह करतात, त्यामुळे सेव्ह करणारी माणसं वाढूनही टक्का खाली येऊ शकतो. टक्क्याशेजारी सेव्हचा मूळ आकडा आणि फॉलोअर नसलेल्यांचा वाटा मांडला की हे लगेच लक्षात येतं.

शिवाय कव्हर म्हणजे नेहमी पहिलीच स्लाइड असंही नाही. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी सांगितलं आहे की कॅरोसेल पाहूनही कोणी स्वाइप केलं नाही तर ती पोस्ट त्याला पुन्हा दाखवली जाऊ शकते आणि तेव्हा दुसरी स्लाइड पुढे येते. आपल्या सुगरणीच्या सगळ्या पोस्टमध्ये दुसरी स्लाइड म्हणजे साहित्याची यादी होती, दोन्ही धाटणींत सारखीच. त्यामुळे कव्हरची चाचणी बिघडली नाही. पण पहिल्यांदा न थांबलेल्या माणसाला दुसऱ्या फेरीत ‘ज्वारीचं पीठ १ वाटी’ एवढंच दिसत होतं. पुढच्या दहा जोड्यांत कव्हर तेच ठेवून तिने ही दुसरी स्लाइड बदलायचं ठरवलं आहे, आणि चकली या वेळी यादीत नाही.