आत्याचं घड्याळ आणि सहा आकडे

माझी आत्या न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते आणि डिसेंबरात दोन महिन्यांसाठी पुण्याला येते. यंदा आल्यावर चौथ्या दिवशी तिला तिथल्या सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी पेन्शनच्या खात्यात डोकावायचं होतं. तिचा अमेरिकेतला नंबर इथे बंद असल्याने एसएमएसने ओटीपी येणं शक्यच नव्हतं. पण निघण्यापूर्वी तिच्या मुलाने Login.gov या सरकारी लॉगिन-सेवेवर ऑथेंटिकेटर अ‍ॅप जोडून दिलं होतं. या अ‍ॅपला सिम लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. आत्याने पासवर्ड टाकला, अ‍ॅपमधले सहा आकडे टाकले, आणि कोड चुकीचा असल्याचं उत्तर आलं. पुन्हा टाकले, पुन्हा तेच.

"अरे, आत्ताच तर नवे आकडे आले, इतक्यात जुने कसे झाले?" ती म्हणाली.

आकडे जुने नव्हते. ते भलत्याच वेळेचे होते. हे कसं, ते कळायला हे अ‍ॅप नेमकं काय करतं ते बघावं लागेल.

एसएमएसचा ओटीपी बँकेचा किंवा सरकारचा संगणक तयार करतो आणि आपल्याला पाठवतो. ऑथेंटिकेटरमध्ये कुणी कुणाला काहीच पाठवत नाही. जोडणी करताना दोन्ही बाजूंना एकच गुपित मिळतं, अक्षरांची एक लांब माळ. त्यानंतर दोघेही आपापल्या जागी तेच गणित करतात. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून (ग्रिनिचच्या वेळेनुसार) किती सेकंद झाले ते मोजायचं, त्याला ३० ने भागायचं आणि बाकी सोडून द्यायची. आलेला भागाकार आणि ते गुपित एकत्र घुसळलं की २० बाइटांचा एक ठसा निघतो. त्यातले चार बाइट ठरलेल्या रीतीने उचलून, त्यांचा पहिला बिट सोडून, उरलेल्याच्या संख्येचे शेवटचे सहा आकडे घेतले की झाला कोड. अ‍ॅप कोणत्याही कंपनीचं असो, ही रीत एकच आहे. २०११ साली ती मानक म्हणून प्रसिद्ध झाली.

त्या मानकातच पडताळणीसाठी एक नमुना-गुपित दिलेलं आहे, त्यावर हे करून बघता येतं. १८ मार्च २००५ रोजी सकाळी भारतात ७ वाजून २८ मिनिटं २९ सेकंद झाले, तेव्हा १९७० पासूनचे सेकंद होते ११११११११०९. त्या क्षणाचा आणि दोन सेकंदांनंतरचा हिशेब असा:

```
1111111109 / 30 -> 37037036 -> 081804
1111111111 / 30 -> 37037037 -> 050471
```

दोन सेकंदांत कोड पार बदलला, कारण मध्ये २८ मिनिटं ३० सेकंदांची रेघ ओलांडली गेली. कोड नेहमी मिनिटाच्या ० किंवा ३० व्या सेकंदालाच पालटतो, पुण्यातही आणि एडिसनमध्येही. मोजणी ग्रिनिचची असल्यामुळे टाइमझोनचा इथे संबंधच येत नाही.

मग आत्याचं काय चुकलं? पुण्यात उतरल्यावर फोन न्यू जर्सीचीच वेळ दाखवत होता, म्हणून तिने सेटिंगमध्ये जाऊन काटे हाताने साडेदहा तास पुढे केले. टाइमझोन मात्र अमेरिकेचाच राहिला. फोनच्या हिशेबाने ग्रिनिचची वेळही साडेदहा तास पुढे सरकली, आणि अ‍ॅप रात्रीचे कोड दुपारीच दाखवू लागलं. सर्व्हर थोड्याफार सेकंदांची चूक पोटात घालतो, सहसा आधीच्या एखाद्या कोडापर्यंत. साडेदहा तास कोण घालणार? तारीख आणि वेळ 'ऑटोमॅटिक' केली, टाइमझोन भारताचा आला, आणि पुढचा कोड पहिल्या फटक्यात चालला. ताजा कोड पुन्हापुन्हा नाकारला जात असेल, तर आधी घड्याळ बघावं. आपल्याकडे ई-वे बिलासाठी व्यापारी वापरतात त्या NIC-GST-Shield अ‍ॅपचाही कोड ३० सेकंदांनी बदलतो आणि तिथेही फोनची वेळ बरोबर असावी लागते.

जोडणी तशी सोपी आहे. खात्यात जाऊन ऑथेंटिकेशन अ‍ॅप जोडण्याचा पर्याय निवडायचा, पडद्यावर क्यूआर चौकोन येतो, तो अ‍ॅपने स्कॅन करायचा आणि अ‍ॅपमध्ये उमटलेला कोड परत खात्यात टाकायचा. दोन्हीकडचं गणित जुळलं, याची ती खूण. त्या चौकोनात जादू काही नसते, असली एक ओळ असते:

```
otpauth://totp/Demo:me@example.com?secret=GEZDGNBVGY3TQOJQGEZDGNBVGY3TQOJQ&issuer=Demo
```

`secret=` नंतर आहे तेच गुपित. चौकोनाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला, तर किल्लीची प्रतच फोटोंमध्ये ठेवल्यासारखं होतं. दुसरीकडे, तोच चौकोन त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या फोननेही स्कॅन केला, तर दोन्ही फोन कायम सारखेच कोड दाखवतात. एक फोन हरवला तरी दुसरा हाताशी राहतो. मला ही युक्ती फार आवडते, फक्त तो दुसरा फोन खात्रीच्या माणसाचा हवा.

या अ‍ॅपची एक मर्यादाही आहे. कोड कुठल्या साइटवर टाकला जातोय, हे त्याला कळत नाही. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर आत्याने पासवर्ड आणि कोड दिला, तर चोर तो त्याच अर्ध्या मिनिटात खऱ्या साइटवर वापरू शकतो. सिम बदलून ओटीपी पळवणाऱ्याला हे अ‍ॅप अडवतं, फसव्या लिंकला नाही.

आता फोनच गेला तर? त्यासाठी बॅकअप कोड असतात. Login.gov एका वेळी दहा कोड देतं. त्यांचा घड्याळाशी काही संबंध नाही, ते कधीही चालतात, पण प्रत्येक कोड एकदाच. नवा संच मागितला की जुना सगळा रद्द होतो. जुना कागद जपून ठेवणारे नेमके इथे फसतात.

"तुझे बॅकअप कोड कुठे आहेत गं?" मी विचारलं.

"आहेत की, फोनमध्ये फोटो काढून ठेवलेत."

म्हणजे फोन हरवला, की त्यावरचा उपायही त्याच्याबरोबर हरवणार. अ‍ॅप नाही, बॅकअप कोड नाहीत आणि इथे नंबरही बंद, अशी वेळ आली तर Login.gov तुमच्यासाठी दार उघडून देत नाही. खातं काढून टाकण्याची विनंती करायची, चोवीस तास थांबायचं आणि नव्याने खातं उघडून ओळख पुन्हा सिद्ध करायची. हे कडक वाटतं. पण फोनवर गोड बोलून दार उघडून घेता आलं असतं, तर ते चोरालाही आलं असतं.

आम्ही नवा संच काढला आणि दोन कागदांवर छापला. कागदावर खात्याचं नाव नाही, ईमेल नाही, पासवर्ड तर नाहीच. नुसत्या कोडांनी कुणाला आत शिरता येत नाही, त्यामुळे एक कागद मुलाच्या घरी ठेवायला हरकत नव्हती. दुसरा आत्याच्या औषधांच्या फायलीत गेला. पर्समध्ये ठेवायला मी नको म्हटलं, कारण फोनही तिथेच असतो. फोटो पुसला, 'अलीकडे डिलीट केलेले' या कप्प्यातूनही. मग एक कोड मुद्दाम वापरून आत शिरून पाहिलं आणि दोन्ही कागदांवर त्याच्यावर रेघ मारली; मुलासाठीच्या कागदावरची रेघ आत्या फेब्रुवारीत कागद देताना दाखवणार आहे, म्हणजे मुलगा तोच कोड पुन्हा टाकत बसणार नाही.