पुरीचा वेढा, चारकोपच्या टेबलावर

ऐहोळेच्या मेगुती मंदिरावर शके ५५६ चा, म्हणजे इ. स. ६३४-३५ चा, रविकीर्तीचा शिलालेख आहे. त्यात चालुक्यांच्या दुसऱ्या पुलकेशीने कोकणच्या मौर्यांना बुडवल्याचं आणि पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेली पुरी शेकडो नावांनी वेढल्याचं वर्णन येतं. रविकीर्तीला त्या नावा मत्त हत्तींसारख्या दिसल्या. ही पुरी म्हणजे घारापुरी, असं काही अभ्यासक मानतात. काही जंजिऱ्याजवळच्या राजपुरीकडे बोट दाखवतात. मी घारापुरी धरली. कारण साधं आहे, त्या बेटाला तीन बंदरं आहेत: शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर. वॉरगेम रचणाऱ्याला याहून काय हवं?

चारकोपच्या आमच्या बैठ्या घरात सहा फुटी टेबल मावत नाही. चार बाय तीन फुटांच्या प्लायवर बेट मांडलं, मधोमध पुठ्ठ्याचा राजवाडा. सैन्य दिवाळीच्या किल्ल्यावरचंच. सातव्या शतकाच्या लढाईत मावळे शोभत नाहीत, हे मान्य; पण एक मावळा म्हणजे एक तुकडी, एवढं ठरलं की डोळे सरावतात.

वेढ्याचा खेळ बहुतेकदा एकाच दोषाने मरतो. निकाल लवकर कळतो, पण खेळ चालूच राहतो. माझ्या पहिल्या मांडणीत राजवाडा घेतला की चालुक्य जिंकले, एवढंच होतं. तिसऱ्या फेरीत दरवाजा पडला. मौर्यांकडून खेळणारा भाचा म्हणाला, "मामा, आता मी काय करू? नुसता मरू?" पुढच्या पाच फेऱ्या त्याने मोबाइल बघत काढल्या.

म्हणून गुण वाटले. राजवाड्याचे दोन, प्रत्येक बंदराचा एक, एकूण पाच. आठव्या फेरीअखेर चालुक्यांकडे तीन गुण असले तर ते जिंकले, नाहीतर मौर्य. आता राजवाडा गेला तरी तिन्ही बंदरं राखून मौर्य जिंकू शकतात. उलट राजवाडा अभेद्य ठरला तर चालुक्यांना तिन्ही बंदरांचा लांबचा रस्ता मोकळा असतो.

खरी मेख कुमकेत होती. मौर्यांच्या दोन तुकड्या बाहेरून येणार, त्याही फक्त स्वतःच्या ताब्यातल्या बंदरावर. आधी नियम केला की तिसऱ्या फेरीपासून दर फेरीला फासा टाकायचा आणि सहा पडले तर कुमक आली. ऐकायला रंगतदार वाटतं, पण हिशेब वेगळा निघतो. सहा वेळा फासा टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के आहे. म्हणजे दर तीन डावांत एकदा कुमक येतच नाही. तारीख पक्की करावी, तर चालुक्य नेमके त्याच फेरीला बंदर अडवून बसतात.

शेवटी फासा दर फेरीला सोपा केला. तिसऱ्या फेरीत सहा हवेत, चौथीत पाच किंवा जास्त, पाचवीत चार, सहावीत तीन. सातवीत कुमक येणारच. अशाने चौथ्या फेरीअखेर कुमक पोचण्याची शक्यता ४४ टक्के, पाचवीअखेर ७२ आणि सहावीअखेर ९१ होते. फासा चुकला तरी मौर्यांना पुढच्या फेरीची वाट बघावीशी वाटते.

चालुक्यांची आशा मी समुद्राला बांधली. इथे एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण साडेबारा तास जातात. मार्व्याच्या खाडीकडे गेलं की खारफुटीच्या बुंध्यांवर पाण्याची रेघ दिसते. तेवढाच काळ आठ फेऱ्यांत पसरला. (तेवढ्या वेळात पायदळ सहाच इंच का चालतं, हे कृपया विचारू नये.) चालुक्यांच्या मोठ्या नावा पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन फेऱ्यांतच किनाऱ्याला लागतात. मधल्या ओहोटीत चिखल उघडा पडतो, तेव्हा मौर्यांच्या लहान होड्याच तेवढ्या सरकतात. अर्ध्याहून अधिक डावांत त्यांची कुमक याच चौथ्या-पाचव्या फेरीत येते, आणि उतरलेले चालुक्य बेटावर एकटे सापडतात.

इथेही एकदा फसलो. चालुक्यांच्या तीन राखीव तुकड्या आठव्या फेरीत उतरवल्या होत्या. त्या जिंकलेल्या बंदरावर यायच्या आणि तिथेच उभ्या राहायच्या, कारण बंदरापासून राजवाडा दहा इंचांवर. आता त्या सातव्या फेरीच्या सुरुवातीला उतरतात, दोन फेऱ्यांत बारा इंच चालतात आणि शेवटच्या फेरीत दरवाजाला भिडतात.

मांडणी जमली की नाही, हे ताडायला मी एक कागद ठेवतो. प्रत्येक फेरीनंतर दोघांनी जिंकायची आशा शून्य ते दहा आकड्यांत लिहायची, एकमेकांना न दाखवता. सहाव्या फेरीआधी कुणाचा आकडा दोनच्या खाली गेला, तर ज्या फेरीत तो घसरला तिथलाच नियम उलगडून बघायचा. खेळणाऱ्याला "मजा आली का?" असं विचारू नये, घरचे लोक हो म्हणतात.

सुरुवातीला मौर्यांच्या सहा तुकड्या आणि कुमकेच्या दोन, चालुक्यांच्या आठ आणि राखीव तीन. यंदा किल्ला मोडण्याआधी मावळे बाजूला काढून ठेवा. एकोणीस पुरतात.